समजून घ्या : नाव विसरलेल्या मामांना वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा द्याव्यात?

समजा, तुमचे मामा बोईसरला राहतात. उमेदीची वर्षं त्यांनी तारापूरच्या अणुवीज केंद्रात शिफ्ट केल्या. आता त्यांना अल्झायमर आहे आणि वाढदिवशी तुम्ही पालघरहून भेटायला निघाला आहात. ते तुम्हाला ओळखतीलच असं नाही.

या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो. म्हणून सकाळचा चहा विसरला जातो, पण तरुणपणीची शिफ्टची बस आठवते. भाच्याचा चेहरा त्यांच्या मनात अनेकदा दहा वर्षांच्या मुलाचाच असतो. समोर उभा राहिलेला पन्नाशीचा माणूस त्यांना अनोळखी वाटणं साहजिक आहे.

म्हणून ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न नको. ती परीक्षाच होते, आणि नापास झाल्याची लाज त्यांना कळते. आधी आपलं नाव सांगा, मग नातं. कागदावर ठळक, मोठ्या अक्षरांत चारच वाक्यं लिहून न्या : ‘मी पालघरच्या माईचा मुलगा. आज तुमचा वाढदिवस आहे. तुम्ही मला चिंचणीच्या समुद्रावर न्यायचात. मला ते फार आवडायचं.’ ‘आठवतंय का?’ हे शब्द त्यात कुठेच नाहीत. एक वाक्य वाचा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. मध्येच दुसरं वाक्य घुसवलं की पहिलंही निसटतं.

मामा विचारतील, ‘माई कुठाय?’ माई जाऊन बरीच वर्षं झाली असतील, तरी ती बातमी त्यांना नव्याने सांगू नका. दर वेळी दुःख पहिल्याइतकंच ताजं असतं. ‘माईची आठवण येतेय ना? तिच्या हातचं पापलेटचं कालवण काय असायचं!’ असं म्हटलं तर खोटंही बोलावं लागत नाही.

वेळ शक्यतो सकाळची निवडा. संध्याकाळी अनेक रुग्णांचा गोंधळ आणि अस्वस्थता वाढते. फुगे, टाळ्या, वीस माणसांचा घोळका हे सगळं आपल्या हौसेसाठी असतं. ते हाताशी चाळा करू लागले, नजर वळवली किंवा स्वतःच्याच घरात ‘घरी जायचंय’ म्हणाले, तर आवरतं घ्या.

भेट ते विसरतीलच, मग जाऊन उपयोग काय? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, पण मनात उमटलेली भावना त्यानंतरही टिकून होती. प्रयोग छोटा होता आणि त्यात मोजलेला काळ मिनिटांचा होता, त्यामुळे त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी घरच्यांचा अनुभव याच्याशी जुळतो.

निघताना तो कागद मामींकडे द्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा वाचून दाखवला, तर मामांसाठी ती शुभेच्छा नवीच असेल.