मीठ गेलं कुठे?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातला श्वेतकेतू बारा वर्षं गुरुगृही शिकून, चोविसाव्या वर्षी जरा ताठ्यातच घरी येतो. वडील उद्दालक त्याला रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतात. सकाळी म्हणतात, ते मीठ परत दे. चाचपलं तरी हाताला काही लागत नाही. मग वरून, मधून, तळातून एकेक घोट घ्यायला लावतात. सगळीकडे खारटच!

वडिलांचा मुद्दा असा : जगाच्या मुळाशी असलेलं ‘सत्’ असंच सर्वत्र आहे, फक्त दिसत नाही. यालाच वेदान्त ब्रह्म म्हणतो. पुढची पायरी खरी अवघड. ते सत् म्हणजेच तुझा आत्मा, तूच ते आहेस, असं उद्दालक मुलाला सांगतात. आत्मा म्हणजे इथे शरीर, मन किंवा स्वभाव नव्हे. ‘मी’ म्हणणाऱ्याचं मूळ स्वरूप.

नवशिक्याची गल्लत इथेच होते. ब्रह्म हा मिठासारखा कुठला पदार्थ नाही, दाखला तेवढ्यापुरताच. शिवाय हे ऐक्य सर्वांना मान्य नाही. शंकराचार्य अभेद मानतात. मध्वाचार्य त्याच वाक्याची फोड वेगळी करून ‘तू ते नाहीस’ असा अर्थ लावतात.