कोकोपीटची वीट: भिजवा, धुवा आणि मगच कुंडी भरा

भोर-वेल्ह्यात नारळाच्या बागा नाहीत. इथल्या नर्सरीत मिळणारी कोकोपीटची वीट बहुधा तमिळनाडू किंवा केरळमधून येते. नारळाच्या सोडणात मुळातच सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइडचे क्षार असतात. किनाऱ्यालगत सोडण खाऱ्या पाण्यात कुजवले असेल, तर ते आणखी वाढतात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी उगवत नाही किंवा रोपाच्या पानांची टोके करपतात. पाणी कमी पडले असे वाटते, दोष मात्र क्षारांचा असतो.

पाच किलोची वीट मोठ्या टबात ठेवून 20 ते 25 लिटर पाणी थोडे थोडे ओता. हातोडीने फोडू नका. तंतू तुटून भुगा होतो आणि तो कुंडीत चिखलासारखा बसतो. कोमट पाण्यात वीट लवकर सुटते. वरचा थर फुगला की हाताने सोलून बाजूला करा, म्हणजे पाणी आतल्या थरापर्यंत जाते. फुगून साधारण 70 लिटर माल होतो. आत कोरडी ढेकळे राहिली, तर कुंडीत घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि मूळ कोरडेच राहते.

आता धुणे. भिजलेला माल जाळीच्या पोत्यात भरून वरून 20 लिटर पाणी सोडा आणि खाली निथळलेले पाणी टीडीएस मीटरने मोजा. मीटर नसेल तर तीन वेळा धुवाच. मोजताना आपल्या नळाचे किंवा बोअरचे पाणीही मोजा. समजा ते 150 आहे आणि निथळलेले पाणी पहिल्यांदा 900, मग 500, मग 250 आले. वरचा फरक क्षारांचा. तो शंभराच्या आसपास आला की थांबावे. पहिले खारे पाणी कुंड्यांना घालू नका.

तीन धुण्यांना 60 लिटर पाणी लागते. एप्रिल-मेमध्ये वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर एवढे पाणी कोण देणार? म्हणून पुढच्या हंगामाचे काम पावसाळ्यात उरकावे. भिजवून मोकळा केलेला माल पोत्यात भरून जून-जुलैत पागोळ्यांखाली ठेवावा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ते धुण्याला उत्तम. पोते दोन-तीनदा पालटावे, नाहीतर धार एकाच वाटेने जाते. नंतर सावलीत वाळवून ठेवावे.

पाण्याने सुटे क्षार जातात, पण तंतूंना चिकटलेले सोडियम बरेचसे तिथेच राहते. ते कॅल्शियमने सुटते. मोठ्या कुंडीत माती आणि शेणखत मिसळणार असाल तर याची फारशी गरज नाही. ट्रेमध्ये नुसत्या कोकोपीटवर मिरची-टोमॅटोची रोपे करायची असतील तर आहे. पाच किलोच्या विटेला साधारण 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात माल रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुन्हा एकदा धुवावा.

भरण्याआधी मूठ दाबून पाहा. दोन-चार थेंब पडले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर अजून निथळू द्या.