चित्राच्या चार कडा

चांदूर रेल्वे येथील एका शेतकरी कुटुंबाच्या ओसरीवरील बत्तीस इंची दूरचित्रवाणी संचावर चित्र वरकरणी निर्दोष होते. पडदा कडेपर्यंत भरलेला, कोठे काळी पट्टी नाही, निवेदकाचा चेहरा ना फुगलेला ना ओढलेला. तक्रार एवढीच, की २६ मे २०१५ रोजी सुरू झालेली डीडी किसान वाहिनी लावली की तळाशी सरकणारी बाजारभावांची पट्टी दिसत नसे. घरच्या काकाजींनी मला बोलावून सांगितले, "भाऊ, सोयाबीनचं नाव येते, पन भाव तं खालीच बुडून जाते." ज्या घरात तूर आणि सोयाबीन विकायचे आहे, त्या घरी चित्राचा हाच भाग सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच गहाळ.

चित्र कापण्याचा अधिकार दोन ठिकाणी असतो, छत्रीच्या तारेला जोडलेल्या डब्यात आणि स्वतः संचात. म्हणून रिमोटची कळ दाबत सुटण्यापूर्वी कोणती कड कोणी कापली याचा तपास करावा. त्याची खूण सोपी आहे. वाहिनी बदलताना डबा आपल्या पदरची एक पाटी पडद्यावर आणतो, तीत वाहिनीचा क्रमांक व नाव असते. ही पाटी प्रक्षेपणातून येत नाही, डब्यातच चित्रावर चढवली जाते. त्यामुळे तीही कापलेली दिसली तर कापणारा संच होय, आणि ती शाबूत असून केवळ वाहिनीचे चित्र तुटलेले असेल तर डब्याकडे, किंवा क्वचित मूळ प्रक्षेपणाकडे, बोट जाते. येथे पाटीची खालची कड छाटलेली होती, परंतु तिची डावी-उजवी टोके पूर्ण होती. उलट वाहिनीचे बोधचिन्ह उजव्या बाजूने तुटले होते. म्हणजे वरखाली संचाने कापले होते आणि बाजूंनी डब्याने.

डब्याच्या मेनूत Aspect Ratio समोर 4:3 Pan Scan अशी नोंद निघाली. बहुधा हा डबा पूर्वीच्या नळीच्या संचासाठी बसवला गेला असावा आणि संच बदलताना तो फेरफार करायचा राहून गेला असावा. या आज्ञेने डबा १६:९ प्रमाणाच्या रुंद चित्राच्या दोन्ही बाजूंचा प्रत्येकी एक अष्टमांश टाकून देतो व मधला ४:३ तुकडा पुढे पाठवतो. तो तुकडा रुंद पडद्यावर ठेवला की एकतर दोन्हीकडे काळ्या पट्ट्या राहतात किंवा माणसे आडवी फुगतात. तेव्हा कोणीतरी संचावर Zoom निवडले, आणि संचाने चित्र सर्व बाजूंनी सारखेच वाढवून वरचा व खालचा एकेक अष्टमांश पडद्याबाहेर घालवला. रुंदीचे तीन चतुर्थांश आणि उंचीचे तीन चतुर्थांश, यांचा गुणाकार नऊ सोळांश. प्रक्षेपित चित्राचा जेमतेम छप्पन टक्के भाग घरात पोचत होता. दोन्ही कपाती एकाच प्रमाणात झाल्याने चेहऱ्यांचा आकार बिघडला नाही, आणि आकार बिघडला नाही म्हणून घरातील कोणालाही संशय आला नाही. माझ्या मते हाच दोष सर्वांत फसवा. फुगलेला चेहरा निदान ओरडून सांगतो तरी.

दुरुस्तीचा आरंभ डब्यापासून करावा, कारण डब्याने टाकलेले चित्र संचाची कोणतीही कळ परत आणू शकत नाही. डब्यात 16:9 मुक्रर करताच चेहरे उभट झाले. पूर्ण रुंदीचे चित्र आता येत होते, मात्र संच अजून त्याला ४:३ समजून वाढवीत होता. संचाच्या रिमोटवर चित्राच्या मापाची जी कळ असते, कोठे ती P.SIZE तर कोठे RATIO, तिने तेथेही 16:9 निवडले. बोधचिन्ह कोपऱ्यात सबंध दिसले, खाली पट्टी आली, आणि काकाजी भाव मोठ्याने वाचू लागले.

यानंतरही प्रत्येक कडेची दोन-तीन टक्के किनार गुप्त राहते. नळीच्या संचांत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून त्या चौकटीआड दडवण्याची प्रथा पडली, आणि सपाट पडद्यांनीही ती चालू ठेवली. ती घालवणारी Just Scan, Screen Fit किंवा Full Pixel ही निवड पुष्कळ संचांत केवळ एचडीएमआय तारेने जोडल्यावरच उपलब्ध होते. या घरचा डबा तीन रंगांच्या पिनांच्या तारेवरच चालणारा असल्याने तेवढी किनार सोडावी लागली. वाहिन्या अक्षरे कडेपासून आत ठेवतात, त्यामुळे मजकुराचे नुकसान होत नाही.

त्या संध्याकाळी दुसऱ्या एका वाहिनीवर जुना चित्रपट लागला, त्यात पात्रांचे कपाळ कापलेले. डब्याची पाटी मात्र चारही बाजूंनी शाबूत होती. मूळचे ४:३ चित्र वाहिनीनेच रुंद पडदा भरण्यासाठी वाढवून प्रक्षेपित केले होते, आणि त्याला घरी इलाज नाही. त्याउलट ज्या वाहिन्या जुने चित्र दोन्हीकडे काळे पट्टे ठेवून दाखवतात, तेथे काहीही हरवलेले नसते; तो रिकामा भाग पाहून पुन्हा Zoom दाबू नये, एवढे घरातील मुलांना बजावून मी निघालो.