नदी कुठे जास्त वेगाने वाहते, डोंगरात की खाली? क्षेत्र अभ्यासाची परिकल्पना आणि आलेख कसे ठरवायचे?

भूगोलाच्या क्षेत्रभेटीसाठी मुले नदीवर जातात. टेप, काठी, स्टॉपवॉच घेऊन मोजमापे होतात, फोटो निघतात. मग अहवाल लिहायला बसल्यावर प्रश्न पडतो की या आकड्यांचे करायचे काय? अशा वेळी जमतील तेवढे आलेख काढले जातात आणि शेवटी 'नदीचे महत्त्व' लिहून अहवाल संपतो.

अडचण आकड्यांत नसते. नदीवर जाण्यापूर्वी नेमके काय तपासायचे हे एका वाक्यात लिहिलेले नसते, तिथे ती सुरू होते. या वाक्याला परिकल्पना किंवा हायपोथेसिस म्हणतात. ते नीट लिहिले की कोणता आलेख काढायचा, याचे उत्तर बहुतेक वेळा त्यातच मिळते. नदीच्या वेगाच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

'नदीचा अभ्यास करणे' ही परिकल्पना का नाही?

कारण ते वाक्य चुकीचे ठरूच शकत नाही. परिकल्पना म्हणजे असे विधान, जे मोजमापाने खोटे ठरण्याची शक्यता आहे. 'नदी खाली जाताना बदलते' हेही चालणार नाही. बदलते म्हणजे काय बदलते? रुंदी, खोली, रंग, वेग? काही ना काही बदललेले दिसणारच.

आता हे वाक्य पाहा: 'या ओढ्याच्या पहिल्या १२ किलोमीटरमध्ये उगमापासूनचे अंतर वाढते, तसा प्रवाहाचा सरासरी वेग वाढतो.'

यात दोन मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत: अंतर आणि वेग. त्यांच्यातल्या संबंधाची दिशा सांगितली आहे, म्हणजे वेग वाढतो. आणि हद्दही आखली आहे: हाच ओढा, पहिले १२ किलोमीटर. आकडे उलटे आले तर वाक्य खोटे ठरेल. म्हणूनच ते तपासण्याजोगे आहे. याच्या जोडीला 'अंतर आणि वेग यांचा काही संबंध नाही' असेही लिहून ठेवतात. त्याला शून्य परिकल्पना म्हणतात. पुरावा पुरेसा नसेल तर हीच कायम राहते.

पण डोंगरातली नदीच वेगवान असते ना?

डोळ्यांना तसेच वाटते. खडकांवरून उड्या मारणारे, फेसाळणारे पाणी वेगवान भासते आणि खालचे संथ. पण अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागातील शास्त्रज्ञ लुना लिओपोल्ड यांनी १९५३ मध्ये नद्यांच्या मोजमापांवरून दाखवले की, उतार कमी होत असूनही सरासरी वेग खाली जाताना बहुधा थोडा वाढतो.

कारण घर्षणात आहे. समजा, वरच्या भागात ओढा २ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल आहे. त्याचा छेद ०.२ चौरस मीटर होतो आणि तळ व दोन्ही काठ मिळून २.२ मीटर भागाला पाणी घासते. छेदाला या लांबीने भागले की उत्तर येते ०.०९. खाली तोच ओढा ८ मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल झाला, तर छेद ३.२ चौरस मीटर, घासणारा भाग ८.८ मीटर आणि उत्तर ०.३६. म्हणजे घासणाऱ्या प्रत्येक मीटरमागे चौपट पाणी. शिवाय वरचे मोठे धोंडे पाण्याची बरीच ऊर्जा खळखळाटातच खर्च करतात.

चांगल्या परिकल्पनेमागे असे कारण असते. डोळ्यांना दिसते त्याच्या ती उलट जाते, तेव्हा तपासण्यात खरा अर्थ असतो.

वेग मोजायचा कसा?

काठावर टेपने १० मीटर अंतर आखा. वरच्या टोकाच्या थोडे अलीकडे संत्रे पाण्यात सोडा आणि १० मीटर पार करायला किती सेकंद लागतात ते मोजा. संत्रे बरेचसे पाण्यात बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. रंग लांबून दिसतो आणि ते हरवले तरी कचरा होत नाही. काठ आणि मध्य अशा वेगवेगळ्या ठिकाणी मिळून पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा.

समजा, सरासरी ४० सेकंद आली. पृष्ठभागाचा वेग झाला सेकंदाला ०.२५ मीटर. पण वरचे पाणी तळापेक्षा वेगाने वाहते, म्हणून या आकड्याला साधारण ०.८५ ने गुणतात. सरासरी वेग आला ०.२१.

सर्व ठिकाणे एकाच दिवशी मोजायला हवीत. हिवाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्यांचे पाणी आठवड्यागणिक उतरत असते. निम्मी मोजणी डिसेंबरात आणि निम्मी जानेवारीत केली, तर फरक अंतराचा की महिन्याचा, ते कळणार नाही. पावसाळ्यात किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पात्रात उतरायचे नाही.

हाती आलेले आकडे

खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले काल्पनिक आहेत. ओढ्यावर आठ ठिकाणे निवडली:

| ठिकाण | उगमापासून अंतर (किमी) | वेग (मीटर प्रतिसेकंद) |
|---|---|---|
| १ | १ | ०.२१ |
| २ | २.५ | ०.२६ |
| ३ | ४ | ०.२४ |
| ४ | ५.५ | ०.३३ |
| ५ | ७ | ०.३५ |
| ६ | ८.५ | ०.१४ |
| ७ | १० | ०.४१ |
| ८ | १२ | ०.४४ |

मग आलेख कोणता?

परिकल्पना पुन्हा वाचा. 'अंतर वाढते, तसा वेग वाढतो.' दोन्ही गोष्टी आकड्यांत मोजलेल्या आहेत आणि प्रश्न त्यांच्या संबंधाचा आहे. अशा वेळी स्कॅटर आलेख काढतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणासाठी एक सुटा बिंदू. अंतर आडव्या अक्षावर, कारण ते आपण निवडले. वेग उभ्या अक्षावर, कारण तो अंतराप्रमाणे बदलतो असे आपले म्हणणे आहे. मग बिंदूंच्या मधून त्यांचा एकूण कल दाखवणारी सरळ रेषा काढायची.

इतर आलेख का नकोत?

पाय चार्ट एका पूर्ण गोष्टीचे भाग दाखवतो. आठ ठिकाणच्या वेगांची बेरीज करून कसलीच 'पूर्ण' गोष्ट होत नाही. वस्तीतल्या जमिनीच्या वापराची टक्केवारी असती, तर तो योग्य ठरला असता.

स्तंभालेखात आठ स्तंभ सारख्या अंतरावर उभे राहतात. शेवटची दोन ठिकाणे २ किलोमीटर अंतरावर आहेत आणि बाकीची दीड, हे त्यात हरवते. नेमके अंतरच तर तपासायचे आहे. तळाच्या दगडांचे 'टोकदार' आणि 'गोल' असे गट करून मोजले असते, तर स्तंभ चालले असते.

रेषालेखात बिंदू जोडले की मधल्या जागीही वेग तसाच असेल, असा दावा होतो. पण ५ आणि ६ क्रमांकाच्या ठिकाणांमध्ये आपण काहीच मोजलेले नाही. एकाच जागी दर तासाला पाण्याची पातळी मोजली, तर मात्र रेषालेखच काढायचा.

आणखी एक आलेख इथे उपयोगी पडतो: पात्राचा छेद. रुंदी आडवी आणि खोली वरून खाली मोजत काढली की पात्राचा आकार दिसतो. पहिल्या आणि आठव्या ठिकाणाचे छेद एकाच प्रमाणात शेजारी काढा. स्कॅटर आलेख वेग वाढला का ते दाखवतो, छेद तो का वाढला असावा ते सांगतो.

सहाव्या ठिकाणाचे काय करायचे?

स्कॅटर आलेखात सात बिंदू वर चढत जातात आणि सहावा एकटाच खाली पडतो. वहीतली टिपणे पाहिल्यावर कळते की, त्या जागेच्या खाली थोड्याच अंतरावर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे. पाणी तुंबले, खोली वाढली आणि वेग घटला.

एका बिंदूने किती फरक पडतो? संबंध किती पक्का आहे, हे मोजण्यासाठी स्पिअरमनचा क्रमांक सहसंबंध वापरतात. अंतर आणि वेग दोन्हींना लहानापासून मोठ्याकडे क्रमांक द्यायचे, प्रत्येक ठिकाणच्या दोन क्रमांकांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. इथे बेरीज ३२ येते. त्यातल्या २५ एकट्या सहाव्या ठिकाणाच्या आहेत.

१ − (६ × ३२) ÷ (८ × ६३) = ०.६२

उत्तर १ च्या जितके जवळ, तितका संबंध पक्का. आठ ठिकाणे असतील आणि दिशा आधी सांगितली असेल, तर ५ टक्के पातळीवर किमान ०.६४३ लागते. म्हणजे थोडक्यात हुकले. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. सहावे ठिकाण वगळून सात ठिकाणांचे गणित केले, तर उत्तर ०.९६ येते आणि परिकल्पना सहज टिकते.

खरी कसोटी इथेच लागते. न आवडलेला बिंदू गुपचूप खोडणे म्हणजे निकाल आधी ठरवून आकडे बसवणे. बिंदू आलेखावर ठेवायचा, वेगळ्या रंगात दाखवायचा आणि दोन्ही उत्तरे द्यायची: सर्व ठिकाणे धरून पुरावा अपुरा, बंधाऱ्याजवळचे ठिकाण वगळल्यास संबंध पक्का. ते का वगळले, त्याचे प्रत्यक्ष पाहिलेले कारणही लिहायचे.

याहून चांगला उपाय निघण्याआधी करता येतो. 'बंधारा, पूल आणि पाणी उपसण्याच्या जागांपासून दूरचीच ठिकाणे घेऊ' हा नियम नकाशा पाहून आधीच लिहून ठेवायचा. आकडे पाहण्याआधी केलेला नियम निवडीचा असतो. आकडे पाहून केला, तर त्यावर शंका येते.

निष्कर्ष किती मोठा लिहायचा?

परिकल्पनेने आखलेल्या हद्दीइतकाच. 'नद्या खाली वेगवान होतात' असे नाही, तर 'या ओढ्यावर, या दिवशी, हिवाळ्यातल्या कमी पाण्यात, बंधाऱ्याचा परिणाम नसलेल्या सात ठिकाणी अंतराबरोबर वेग वाढलेला दिसला' असे. आणि अंतराने वेग वाढवला, असेही म्हणता येत नाही. अंतराबरोबर पात्राची खोली आणि रुंदी बदलते. वेगावर परिणाम त्यांचा होतो, असे शेजारी काढलेले छेद सुचवतात.