अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला लटकते

मोठेपणी मराठी हस्ताक्षर सुधारायला बसलेली माणसे बहुतेक वेळा थेट वळणाच्या मागे लागतात. अक्षराचा डौल पुढची गोष्ट आहे. आधी तीन साध्या गोष्टी जमायला हव्यात: ओळ सरळ राहणे, अक्षरांची उंची एक राहणे आणि रेघा ठरल्या क्रमाने काढणे. या तिन्हींबद्दल काही पक्के गैरसमज आहेत. ते दूर झाले, की सराव कशाचा करायचा हे आपोआप कळते.

गैरसमज १: अक्षरे वहीच्या रेघेवर बसवायची असतात.

वस्तुस्थिती: रोमन लिपीतली अक्षरे खालच्या रेघेवर उभी राहतात. देवनागरीतली अक्षरे वरच्या रेघेला, म्हणजे शिरोरेषेला, लटकतात. ‘र’, ‘ट’, ‘द’, ‘ह’ यांची खालची टोके पाहा. प्रत्येकाचे टोक वेगळ्या प्रकारे संपते, आणि उकार आला की तो आणखी खाली उतरतो. वरची कड मात्र सगळ्यांची एकच असते. नजर खालच्या रेघेवर ठेवून लिहिले, की अक्षरांचे माथे वरखाली होतात आणि त्यांवर ओढलेली शिरोरेषा नागमोडी जाते. तुमच्याच एखाद्या जुन्या पानावर पट्टी ठेवून अक्षरांचे माथे तपासा, दोष लगेच दिसेल.

सरावासाठी शाळकरी मुलांची दुरेघी वही उत्तम. तिच्या वरच्या रेघेवर शिरोरेषा येते आणि खालच्या रेघेवर उभ्या दंडांचे पाय टेकतात. खालची रेघ म्हणजे दंड कुठे थांबवायचा याची खूण, इतकेच तिचे काम. एकेरी वहीत लिहायचे असेल तर छापील रेघ शिरोरेषेसाठी वापरा. समजा दोन रेघांमधले अंतर ८ मिलिमीटर आहे. त्यातले ४ मिलिमीटर अक्षराच्या अंगाला द्या, त्याखालचे २ उकाराला, आणि उरलेले २ पुढच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्यांना. पूर्ण ८ मिलिमीटर भरून लिहिणाऱ्याचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. अशा पानावर प्रत्येक अक्षर सुबक असले तरी पान गचाळच दिसते.

गैरसमज २: सगळी अक्षरे सारख्या मापाची हवीत.

वस्तुस्थिती: उंची सारखी हवी, रुंदी नाही. ‘र’ अंगाने अरुंद आहे, ‘क’ आणि ‘ख’ ऐसपैस आहेत. सगळ्यांना एकाच चौकटीत बसवायला गेले की ‘ख’ आखडतो आणि ‘र’ उगाच फुगतो. मग ‘ख’ वाचताना ‘रव’ असा भास होऊ लागतो, कारण त्याचे दोन भाग नीट जुळायला जागाच उरत नाही.

प्रमाण राखण्यासाठी शिरोरेषा आणि खालची रेघ यांच्या मधोमध तिसरी रेघ मनात धरा, सुरुवातीला पेन्सिलीने फिकट आखली तरी चालेल. ‘न’ची आडवी रेघ या मध्याच्या आसपास दंडाला मिळते. ‘त’चा फाटा तिथूनच फुटून खाली वळतो. ‘क’चे डावे पोट आणि उजवा हातही तिथेच दंडाला भेटतात. ‘म’ची आडवी रेघ मात्र मध्याच्या खाली असते. ती वर सरकली की ‘म’ बुटका आणि तुटका दिसतो. म्हणून अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने गिरवण्यापेक्षा आकाराच्या गटांनी गिरवणे सोयीचे: ग-म-भ-न, व-ब-क, प-ष-फ. एका गटात हाताची हालचाल जवळपास तीच राहते आणि मध्य कुठे येतो हे नजरेत बसते.

गैरसमज ३: अक्षर ओळखू आले की झाले, रेघ कुठून काढली याला महत्त्व नाही.

वस्तुस्थिती: क्रम चुकला की त्याची खूण कागदावर राहते. दंड खालून वर ओढला तर त्याचे टोक कधी शिरोरेषेच्या वर जाते, कधी तिच्या आधीच संपते. वरून खाली ओढलेला दंड नेमका रेघेवर सुरू होतो. म्हणून साधारण नियम असा: आधी डावीकडचे अंग, मग वरून खाली दंड, आणि पूर्ण शब्द लिहून झाल्यावर डावीकडून उजवीकडे शिरोरेषा. ती आधी काढली, तर शब्द किती लांब होईल हे ठाऊक नसल्याने ती अपुरी पडते किंवा पुढे लोंबते. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरे लिहीत, पण तिथे शब्द सुटे दाखवायचे नसत. देवनागरीत शिरोरेषा जिथे तुटते तिथे शब्द संपतो.

‘सुधारित’ हा शब्द लिहून पाहू. ‘स’चे अंग, मग त्याचा दंड, दंडाच्या पायाशी उकार. ‘ध’चे अंग आणि दंड, त्यानंतर काना. आता ‘रि’ येतो. इथे वेलांटीचा दंड आधी काढा आणि मग ‘र’ लिहा. ‘र’ आधी लिहून मागाहून दंड कोंबला तर तो कान्याला चिकटतो. शेवटी ‘त’. मग शिरोरेषा, आणि ती झाल्यावर वेलांटीची कमान.

शिरोरेषा ‘ध’पाशी मात्र सलग न्यायची नाही. ‘ध’च्या डाव्या भागावर ती तुटते आणि त्याच्या दंडापासून पुन्हा सुरू होते. सलग ओढली की ‘ध’चा ‘घ’ वाचला जातो. ‘भ’चाही असाच ‘म’ होतो. शब्द पूर्ण झाला की त्यातले उभे दंड मोजा: स, ध, काना, वेलांटी, त, असे पाच. हे पाचही एकमेकांना समांतर आहेत का ते पाहा. थोडे उजवीकडे कलले तरी बिघडत नाही, पण पाचांनी पाच दिशा धरल्या तर बाकी सगळे जमूनही शब्द विस्कटलेला दिसतो.

गैरसमज ४: जितकी पाने भरावी तितके वळण सुधारते.

वस्तुस्थिती: पानाच्या वरच्या कित्त्याखाली आपण पहिली ओळ कित्ता पाहून लिहितो, दुसरी ओळ पहिलीकडे पाहून, तिसरी दुसरीकडे पाहून. पहिल्या ओळीतला दोष त्यामुळे तळाच्या ओळीपर्यंत वाढत जातो. यावर उपाय सोपा आहे. आपण लिहिलेली ओळ कोऱ्या कागदाने झाका आणि दर ओळीला कित्ताच पाहा. तीन ओळी झाल्या की थांबा. माथे, दंडांचे पाय आणि दंडांची दिशा तपासा, आणि पुढच्या ओळीत यांपैकी एकच दोष सुधारायला घ्या. हात भरून आल्यावर लिहिलेल्या ओळींत जुन्याच सवयी पक्क्या होतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांनंतर वही मिटलेली बरी.

कित्ता निवडताना मोबाइलच्या पडद्यावरच्या अक्षरांवर विसंबू नका. अनेक फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ रूढ आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानेही तीच रूपे प्रमाण मानली आहेत. शाळेच्या मराठी कित्त्यात ती मिळतात.

आज एक दुरेघी वही आणा आणि पहिला आठवडा केवळ माथे वरच्या रेघेला लावण्यावर द्या. ओळ सरळ झाल्यावर उंची आणि दंडांकडे वळा. वळणाचा विचार त्यानंतर करा.