पैसे कापले गेले, तिकीट कुठे आहे?

नाटकाचे तिकीट ऑनलाइन काढताना पडद्यामागे तीन कामे होतात: खुर्ची राखून ठेवणे, पैसे घेणे आणि तिकीट पाठवणे. सर्व्हरलेस पद्धतीत प्रत्येक कामासाठी एक छोटे फंक्शन असते. ते हाक आली की जागे होते, काम करते आणि सगळे विसरून जाते. मग आधी काय झाले आणि पुढे काय करायचे, हे लक्षात कोण ठेवणार?

त्यासाठी स्टेट मशीन असते. अ‍ॅमेझॉनने २०१६च्या डिसेंबरमध्ये आणलेली ‘स्टेप फंक्शन्स’ ही अशीच एक सेवा. कामांचा क्रम, प्रत्येकाची मुदत आणि चुकल्यास काय करायचे, हे तिला लिहून द्यावे लागते. पैसे घेण्याच्या पायरीसाठी असे लिहिता येते:

```json
"TimeoutSeconds": 10,
"Retry": [{
  "ErrorEquals": ["States.Timeout"],
  "IntervalSeconds": 2,
  "MaxAttempts": 3,
  "BackoffRate": 2
}]
```

म्हणजे दहा सेकंदांत उत्तर आले नाही, तर दोन सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. त्यानंतर चार आणि मग आठ सेकंद थांबायचे. पहिला प्रयत्न आणि नंतरचे तीन धरून चार वेळा दहा सेकंद, शिवाय मधले चौदा. प्रेक्षकाला जास्तीत जास्त ५४ सेकंद ताटकळावे लागेल. थांबण्याचा काळ दुप्पट होत जातो, कारण आधीच दमलेल्या यंत्रणेवर लागोपाठ मारा केला तर ती सावरत नाही.

खरी गोम पुढे आहे. मुदत संपली याचा अर्थ काम झाले नाही, असा होत नाही. स्टेट मशीनने वाट पाहणे सोडले, तरी आधी सुरू झालेले फंक्शन चालूच राहते. बाराव्या सेकंदाला त्याने पैसे कापले आणि त्याच सुमारास दुसरा प्रयत्न सुरू झाला, तर प्रेक्षकाचे पैसे दोनदा जातात. नोंदीत मात्र एक ‘टाइमआउट’ आणि एक ‘यशस्वी’ एवढेच दिसते.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक खरेदीला सुरुवातीलाच एक क्रमांक देणे आणि चारही प्रयत्नांत तोच पाठवणे. पैसे घेणाऱ्या यंत्रणेने तो क्रमांक ओळखला की ती नव्याने पैसे न घेता आधीचेच उत्तर परत देते. अर्थात, त्या यंत्रणेत ही सोय असायला हवी. स्टेट मशीन ती आपणहून पुरवत नाही.

चारही प्रयत्न फसले, तर `Catch` मध्ये लिहिलेली वाट धरली जाते. इथे घाईने खुर्ची मोकळी करणे धोक्याचे असते. आधी त्याच क्रमांकाने व्यवहाराची स्थिती विचारावी. पैसे मिळाले असतील तर तिकीट पाठवावे. मिळाले नसल्याची खात्री झाली तरच खुर्ची सोडावी.

मुदत लिहायला विसरणेही महागात पडते. बाहेरच्या यंत्रणेच्या निरोपाची वाट पाहणारी पायरी मुदतीविना ठेवली आणि निरोप आलाच नाही, तर स्टँडर्ड प्रकारातले काम वर्षभर तसेच अडकून राहू शकते. म्हणून अशी यंत्रणा उभारणाऱ्यांनी प्रत्येक पायरीला मुदत द्यावी आणि पुनःप्रयत्न लिहिण्याआधी ते काम दोनदा झाले तर काय होईल, हे तपासावे.