मंजूर ४० लाख, उचल साडेचौतीस

कॅश क्रेडिट खात्यात मंजूर झालेली सगळी रक्कम कर्जदाराला कधीही उचलता येते असे नाही. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल क्षमता काढते. ती आणि मंजूर मर्यादा यांतली कमी रक्कम हीच खरी उचलीची हद्द.

इचलकरंजीतील एका कापड उत्पादकाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. मंजूर मर्यादा ४० लाख. महिनाअखेरीस सूत आणि कापड मिळून माल ४८ लाखांचा, पण त्यात ३ लाखांचे कापड खराब झालेले, म्हणून ते वगळायचे. राहिले ४५ लाख. यातील १५ लाखांच्या सुताचे पैसे सूत व्यापाऱ्याला अजून द्यायचे आहेत. ज्या मालात व्यापाऱ्याचाच पैसा अडकला आहे त्यावर बँक कर्ज देत नाही, म्हणून तेही वजा. उरलेल्या ३० लाखांवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा हिस्सा, धरला की २२.५ लाख मिळतात.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. ४५ लाखांतून आधी मार्जिन काढून मग १५ लाख वजा केले, तर उत्तर १८.७५ लाख येते. पावणेचार लाखांचा हा फरक निव्वळ क्रमाचा. उधारीच्या मालावरही मालकाकडून मार्जिन घेतल्यासारखे ते होते.

आता येणी. गिऱ्हाइकांकडून येणे २८ लाख, त्यांपैकी ८ लाख ९० दिवसांपेक्षा जुने. मंजुरीच्या अटीत हीच मुदत असेल तर ते धरायचे नाहीत. उरलेल्या २० लाखांवर ४० टक्के मार्जिन जाऊन १२ लाख राहतात. मार्जिनचे दर बँकेगणिक बदलतात, पण मालापेक्षा येण्यांवर ते सहसा जास्त असते. उधारी बुडते, माल निदान गोदामात दिसतो. एकूण उचल क्षमता ३४.५ लाख.

खात्यावर ३३ लाखांची उचल असेल तर आणखी दीड लाख काढता येतील. पुढच्या महिन्यात बाकी सारे तसेच राहून आणखी ५ लाखांची येणी ९० दिवसांपलीकडे गेली, की क्षमता ३१.५ लाखांवर येते. एक रुपयाही न काढता खाते दीड लाखाने जादा उचलीत जाते. ही स्थिती सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते अनुत्पादक ठरते.

फसगत बहुधा आकडेमोडीत नसते, यादीत असते. जॉबवर्कसाठी आलेले सूत दुसऱ्याच्या मालकीचे, तरी ते मालात धरले जाते. बिल झालेले पण गोदामातून न हललेले कापड मालातही मोजले जाते आणि येण्यांतही. स्टॉक ऑडिटर म्हणूनच शेवटच्या बिलांच्या तारखा आणि माल बाहेर पडल्याची नोंद शेजारी ठेवून पाहतो.